लाईट गेल्यावर सिग्नल बंद पडतो किंवा नुसता पिवळा ब्लिंक होतो, तेव्हा चौकात आधी कोण जाणार?

सिग्नल बंद पडला की चौकात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक म्हणजे "सिग्नलच नाहीये, चला" म्हणून त्याच स्पीडने घुसणारे आणि दुसरे म्हणजे स्टॉप लाइनवर थांबून आता नेमकं करायचं काय याचा विचार करत बसणारे, आणि मागून हॉर्न सुरू झाले की तेही न बघता घुसतात. दोघांचीही अडचण एकच आहे, की हिरवा-लाल नसताना आधी जायचा हक्क कोणाचा हे कधी कोणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं. म्हणून इथे एकच गोष्ट घेऊन बसू, एक साधा चार रस्त्यांचा चौक, लाईट गेलेली, आणि तुम्ही त्याच्याकडे येताय. शेवटपर्यंत तेवढंच.

आधी ओळखा, सिग्नल बंद आहे की ब्लिंक होतोय

बरेच जण दोन्ही एकच समजतात, पण दोन्हीत मोठा फरक आहे. पूर्ण लाईट गेली आणि सिग्नलला बॅटरी नसेल तर काहीच दिसणार नाही, तिन्ही दिवे विझलेले. पिवळा ब्लिंक होतोय याचा अर्थ कुठून तरी करंट येतोय, एकतर बॅटरी बॅकअपवर चाललंय, किंवा लाईट आलेली आहे आणि कंट्रोलर अजून सावरतोय, किंवा लाईटचा काही संबंधच नाही आणि कंट्रोलरने स्वतःहून सिग्नल ब्लिंकवर टाकलाय.

कंट्रोलर म्हणजे चौकाच्या कोपऱ्यात तो जो लोखंडी बॉक्स असतो त्यातलं यंत्र. त्याच्यात एक वेगळा भाग सतत बघत असतो की आडव्या आणि उभ्या रस्त्याला एकाच वेळी हिरवा तर लागत नाहीये ना. व्होल्टेज खालीवर झालं, वायर शॉर्ट झाली, पाणी गेलं, आणि तशी शंका जरी आली तरी तो नेहमीचा प्रोग्राम तोडतो आणि सगळा चौक ब्लिंकवर टाकतो. काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, ब्लिंकवर न टाकता सगळे दिवे विझवूनच टाकतात. दोन्हीमागचा विचार एकच, चुकीचा हिरवा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवलेलं बरं. त्यामुळे लाईट असतानाही सिग्नल ब्लिंक होताना दिसला तर "रात्रीचा मोड असेल" असं गृहीत धरू नका, तिथे खरोखर बिघाड असू शकतो.

बॅटरीवर ब्लिंकच का चालवतात हेही सांगतो, कारण त्यावरून पुढे काय होईल ते कळतं. ब्लिंक होणारा दिवा साधारण अर्धा वेळच पेटलेला असतो, म्हणून तीच बॅटरी जास्त तास पुरते. जुने बल्ब प्रत्येकी शंभर वॉटच्या आसपास खायचे, आताचे एलईडी त्याच्या मानाने अगदी थोडं खातात, म्हणून हे बॅकअप परवडायला लागलं. पण बॅटरी संपली की ब्लिंकसुद्धा बंद. म्हणजे जाताना ब्लिंक होणारा चौक तासा-दोन तासाने परत येताना पूर्ण अंधारात असू शकतो.

आणि एक प्रकार या सगळ्यात जास्त धोक्याचा आहे, तो म्हणजे फक्त तुमच्याच बाजूचा दिवा गेलेला असणं. वायर तुटली किंवा त्या खांबावरचं युनिट गेलं तर तुम्हाला अंधार दिसतो आणि आडव्या रस्त्यावाल्याला मात्र व्यवस्थित हिरवा दिसत असतो. तो बिनधास्त फुल स्पीडने येणार, त्याची काही चूक नाही. हे ओळखायची युक्ती साधी आहे, बाकीच्या बाजूंच्या सिग्नलवर उजेड पडतोय का बघा. समोरच्या सिग्नलच्या टोपीच्या आतल्या बाजूला किंवा रात्री ओल्या रस्त्यावर लाल-हिरव्या रंगाची झाक दिसते. आडव्या रस्त्याच्या गाड्या शिस्तीत ओळीने थांबतायत आणि मग एकदम सगळ्या मिळून सुटतायत असं दिसलं तर त्यांचा सिग्नल चालू आहे. तेव्हा त्यांच्या ओळीत मध्ये घुसायचं नाही, ते थांबले आणि चौक रिकामा झाला की मगच, पायी चालणारे बघून, हळू पार करायचं.

पिवळा ब्लिंक म्हणजे "तुम्ही आधी" असं नाही

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. 1968 च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनमध्ये, ज्याच्यावर जगातल्या खूप देशांचे सिग्नलचे नियम बेतलेले आहेत, ब्लिंक होणाऱ्या पिवळ्याचा अर्थ एवढाच आहे की जाऊ शकता, पण विशेष काळजी घेऊन. आधी कोण जाणार याबद्दल तो दिवा एक शब्दही बोलत नाही.

आणि गंमत अशी की हाच दिवा वेगवेगळ्या ठिकाणी उलट्या रस्त्याला लावलेला असतो. अमेरिकेत सहसा मेन रोडला पिवळा ब्लिंक आणि आडव्या छोट्या रस्त्याला लाल ब्लिंक ठेवतात, किंवा मग सगळ्यांनाच लाल. जर्मनीत मात्र कित्येक चौकांत छोट्या रस्त्याला पिवळा ब्लिंक असतो आणि मेन रोडचा सिग्नल नुसता विझलेला. म्हणजे अमेरिकेतला ड्रायव्हर पिवळा बघून समजेल की मी मेन रोडवर आहे, आणि तोच पिवळा जर्मनीत त्याला सांगत असेल की बाबा सांभाळ, तुला थांबायला लागेल. बऱ्याच ठिकाणी तर चारही बाजूंना पिवळाच असतो. तुम्हाला फक्त तुमचा दिवा दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही, त्यामुळे पिवळ्यावरून दुसरा थांबेल असं कधीच समजायचं नाही.

लाल ब्लिंक मात्र सरळ आहे, पूर्ण थांबा, चाक फिरायचं थांबलं पाहिजे, मग बघा आणि मग जा. साधा लाल म्हणजे हिरवा होईपर्यंत थांबा, ब्लिंक होणारा लाल म्हणजे थांबून, रस्ता देऊन जाऊ शकता.

मग आधी कोण? या क्रमाने विचार करा

सगळ्यात वर पोलीस. चौकात ट्रॅफिक पोलीस हातवारे करत उभा असेल तर सिग्नल, बोर्ड, नियम सगळं त्याच्या खाली. तो थांब म्हणाला आणि त्याच वेळी लाईट येऊन हिरवा लागला तरी थांबायचं. त्याच्या जोडीला ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, सायरन ऐकू आला की कोणाची पाळी हा प्रश्न संपला. बंद चौकात सायरनची दिशा कळत नाही, म्हणून दिशा शोधत पुढे जाण्यापेक्षा आहे तिथेच थांबून चौकाचा मधला भाग मोकळा ठेवा.

त्याच्यानंतर बोर्ड. सिग्नलच्या खांबावर किंवा थोडं आधी जर उलटा त्रिकोण असेल, म्हणजे रस्ता द्या, किंवा अष्टकोनी स्टॉप असेल, तर सिग्नल चालू असेपर्यंत आपण त्याच्याकडे बघत नाही कारण सिग्नल त्याच्यापेक्षा मोठा. सिग्नल गेला की तोच बोर्ड जिवंत होतो. युरोपात तर मुद्दाम म्हणूनच सिग्नलच्या खांबावर हे बोर्ड लावून ठेवलेले असतात. रोजच्या रस्त्यावरच्या सिग्नलखाली असा बोर्ड आहे का हे एकदा चालू सिग्नलला थांबलेले असताना बघून ठेवा, अंधारात शोधायला वेळ मिळत नाही.

बोर्ड नसेल तर मात्र तुम्ही कुठल्या देशात आहात त्यावर उत्तर बदलतं, आणि ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत बाजूची. भारतात 2017 ची मोटार व्हेइकल ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आहेत, त्याच्या आधी 1989 ची होती, दोन्हीत सूत्र तेच: ज्या चौकात ट्रॅफिक कंट्रोल होत नाहीये तिथे, मेन रोड म्हणून ठरवलेल्या रस्त्यावर तुम्ही शिरत असाल तर मेन रोडवाल्यांना आधी जाऊ द्या, आणि तसं नसेल तर तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. युरोपात जिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात तिथेही उजवीकडून येणारा आधी. व्हिएन्ना कन्व्हेन्शनने उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांना हे बंधनकारक केलंय आणि डाव्या बाजूने चालणाऱ्यांना सांगितलंय की तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरी पद्धत पाळीची. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत, कॅलिफोर्नियासकट, सिग्नल पूर्ण विझला की तो चौक सगळ्यांसाठी स्टॉप बोर्ड लावल्यासारखा समजतात. प्रत्येकाने थांबायचं, जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. साउथ आफ्रिकेत लोडशेडिंगच्या काळात हे रोजचंच झालं होतं, तिथेही बंद सिग्नल म्हणजे फोर-वे स्टॉप.

तिसरी पद्धत ब्रिटनची. तिथल्या हायवे कोडमध्ये म्हटलंय की सिग्नल बंद असेल तर काहीही मार्किंग नसलेला चौक आहे असं समजा आणि खूप काळजीने पुढे जा. म्हणजे कोणालाच हक्क नाही, सगळ्यांनी दुसऱ्याला जागा द्यायच्या तयारीत राहायचं.

आणि तिन्ही पद्धतींत एक गोष्ट कॉमन आहे, वळणारा माणूस समोरून सरळ येणाऱ्याला आडवा जात असेल तर आधी सरळवाला, पाळीच्या पद्धतीत मात्र दोघं एकदमच थांबले असतील तरच. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात हे म्हणजे उजवीकडे वळणारा. पायी चालणाऱ्यांचा सिग्नलही विझलेला असतो हे विसरू नका. झेब्रावर माणूस असेल तर थांबायचं, त्याला तर कोणीच हिरवा दाखवत नाहीये.

उजवीकडचाच का?

गाडी डाव्या बाजूने चालते तिथे याच्यामागे समजण्यासारखं कारण आहे आणि एकदा समजलं की विसरत नाही. तुम्ही चौकात सरळ शिरलात की पहिला अर्धा रस्ता जो लागतो, त्याच्यात गाड्या उजवीकडून येत असतात. डावीकडून येणाऱ्या गाड्या पलीकडच्या अर्ध्यात असतात. म्हणजे तुमचं बॉनेट लाइनच्या बाहेर पडल्याबरोबर ज्याच्याशी टक्कर होऊ शकते तो उजवीकडचा, डावीकडच्याला गाठायला तुम्हाला अजून दोन-तीन सेकंद असतात. म्हणून आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, कारण तुम्ही डावीकडे बघेपर्यंत उजवीकडचं चित्र जुनं झालेलं असतं.

यात कारवाल्यांनी एक काळजी घ्यायची. स्टिअरिंग उजव्या बाजूला असेल तर तुमच्या उजव्या हाताला काचेच्या कडेचा जो जाड खांब असतो तो तुमच्या डोळ्याच्या अगदी जवळ असतो, आणि त्याच्यामागे चाळीस-पन्नास मीटरवरची अख्खी बाइक लपते. आणि तुमची गाडी आणि ती बाइक दोघंही चौकाकडे सरकत असाल तर ती खांबामागेच लपलेली राहू शकते, म्हणजे तुम्ही बघितलंत, काही दिसलं नाही, आणि तरी बाइक होती. उपाय सोपा आहे, मान हलवू नका, कंबरेतून पुढे झुका आणि मागे या, खांबामागचा भाग उघडतो.

आता एक चौक पूर्ण सोडवून बघू

डाव्या बाजूने चालणारा देश, चार रस्ते, सिग्नल पूर्ण बंद, पोलीस नाही. तुम्ही दक्षिणेकडून येताय आणि सरळ उत्तरेला जायचंय. पूर्वेकडून, म्हणजे तुमच्या उजवीकडून, एक ट्रक येतोय, त्याला सरळ पश्चिमेला जायचंय. आणि समोरून, उत्तरेकडून, एक रिक्षा आलीये, इंडिकेटर उजवीकडचा, म्हणजे तिला तुमच्या समोरून आडवं होऊन पश्चिमेला जायचंय.

समजा पूर्व-पश्चिम हा मेन रोड आहे आणि तुमच्या आणि रिक्षाच्या बाजूला उलटा त्रिकोण आहे. मग प्रश्न सोपा, ट्रक आधी. उरलात तुम्ही आणि रिक्षा. तुम्ही सरळ, ती वळणारी, म्हणून दुसरे तुम्ही, आणि शेवटी रिक्षा.

आता समजा कुठलाच मेन रोड नाही, बोर्ड नाही, नुसता उजवीकडच्याचा नियम. तुमच्या उजवीकडे ट्रक, तुम्ही त्याच्यासाठी थांबलात. ट्रकवाला पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्याच्या उजवीकडे उत्तर, तिथे रिक्षा, म्हणजे तो रिक्षासाठी थांबला. रिक्षाच्या उजवीकडे पश्चिम, तिथून कोणी नाही, पण ती वळतेय आणि समोरून तुम्ही सरळ येताय, म्हणून ती तुमच्यासाठी थांबली. झालं, तिघंही एकमेकांसाठी थांबलेत आणि तिघंही नियमाप्रमाणे बरोबर आहेत. चारी बाजूंनी एकेक गाडी सरळ जाणारी आली तरी हेच होतं, प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच. इथे नियम संपतो, आणि हे माहीत असणं महत्त्वाचं आहे, कारण लोक इथेच "माझा हक्क" म्हणत एकदम तिघंही घुसतात. सुटका एकाच मार्गाने होते, कोणीतरी आपला हक्क सोडून दुसऱ्याला हात दाखवतो. तुम्ही रिक्षाला हाताने "या" केलंत की ती सुटते, मग ट्रकच्या उजवीकडे कोणी उरत नाही, ट्रक जातो, आणि मग तुम्ही. तुम्ही शेवटचे झालात पण चौक पंधरा-वीस सेकंदात मोकळा झाला.

हात दाखवताना एक लक्षात ठेवा, तुम्ही फक्त तुमचा हक्क सोडू शकता, ट्रकचा नाही. रिक्षावाला तुमचा हात बघून निघाला आणि ट्रकने तेवढ्यात ॲक्सिलरेटर दिला तर? म्हणून आधी ट्रक खरोखर उभा आहे ना बघा, मग हात. आणि कोणी तुम्हाला हात दाखवला तर त्याच्या हातावर जाऊ नका, बाकीच्या बाजू स्वतः बघा. हेडलाइटचा फ्लॅश तर वापरूच नका, कारण काही लोक तो "तू जा" म्हणून मारतात आणि काही "मी येतोय, थांब" म्हणून, त्या दोन अर्थांच्या मध्ये ॲक्सिडेंट होतात.

तोच चौक पाळीच्या पद्धतीने बघा. समजा ट्रक सगळ्यात आधी येऊन थांबला, मग रिक्षा, मग तुम्ही. क्रम सरळ, ट्रक, रिक्षा, तुम्ही. रिक्षा आणि तुम्ही एकदमच थांबलात तर वळणारी रिक्षा तुमच्या नंतर. इथे गोंधळ कमी होतो कारण सगळे थांबतात, थांबलेल्या गाड्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. जिथे कायद्यात ही पद्धत नाही तिथेही माझं मत असं आहे की बंद चौकात स्वतः थांबायचंच, हक्क आहे की नाही ते नंतर. पण दुसरा थांबेल असं धरून चालायचं नाही.

चौक पार करायला खरं किती अंतर लागतं

बरेच ॲक्सिडेंट हक्क न कळल्यामुळे नाही तर अंतर न कळल्यामुळे होतात, म्हणून हा हिशोब एकदा नीट बघून ठेवा. चार लेनचा आडवा रस्ता, रुंदी साधारण 14 मीटर. तुमची कार 4 मीटर. म्हणजे तुमचं मागचं बंपर पलीकडे जाईपर्यंत 18 मीटर जायचंय, तेही उभ्या गाडीने. नॉर्मल पिकअपने याला साडेचार ते पाच सेकंद लागतात, आणि "चला आता" ठरवून क्लच सोडेपर्यंत एक सेकंद, म्हणजे सहा सेकंद धरा.

आता आडवी गाडी 50 च्या स्पीडने येत असेल तर ती सेकंदाला जवळपास 14 मीटर येते. सहा सेकंदांत 84 मीटर. म्हणजे ती शंभर मीटरच्या आत असेल आणि थांबायची काही चिन्हं दाखवत नसेल तर तुम्ही निघायचं नाही. शंभर मीटर म्हणजे किती हे डोळ्याला कळत नाही, पण वीस-पंचवीस गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं होईल तेवढं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप लांब. रात्री नुसता हेडलाइट दिसतो तेव्हा तर अंतर आणि स्पीड दोन्ही चुकतात, त्यातही एकच दिवा असलेली बाइक आपल्याला नेहमी आहे त्यापेक्षा लांब वाटते.

"थांबायची चिन्हं" म्हणजे काय, तर पुढचं नाक खाली वाकणं. ब्रेक लागला की गाडीचा पुढचा भाग खाली दबतो, तो दबलेला दिसला आणि चाक हळू फिरताना दिसलं की तो खरंच थांबतोय. ड्रायव्हरने तुमच्याकडे बघितलं म्हणजे तो थांबेल असं नाही, चाकाकडे बघा.

उलट तुम्ही येणारे असाल तर. ब्रिटनच्या हायवे कोडच्या तक्त्यात 48 किलोमीटर स्पीडला थांबायला 23 मीटर लागतात असं दिलंय आणि 32 ला 12 मीटर, कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून. म्हणजे स्पीड एक तृतीयांश कमी केला की अंतर जवळजवळ निम्मं होतं. म्हणून बंद किंवा ब्लिंक सिग्नल लांबून दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडा, मागच्याला कळावं म्हणून ब्रेकवर दोनदा हलका पाय ठेवा, आणि लाइनपाशी पोहोचेपर्यंत एवढा स्पीड ठेवा की कोणी आडवं आलं तर जागेवर थांबता येईल. पिवळा ब्लिंक असला तरी हेच.

रात्री तर सिग्नल आहे हेच दिसत नाही

लाईट गेली की रस्त्यावरचे दिवेही जातात, आणि विझलेला सिग्नल हा काळ्या आकाशासमोर काळा डबा असतो. अनोळखी रस्त्यावर तुम्ही चौकातून गेलात तरी कळत नाही की इथे सिग्नल होता. म्हणून एखादा भाग अचानक अंधारात गेला, दुकानं घरं सगळं काळं दिसतंय, तर पुढच्या प्रत्येक रस्त्याच्या फाट्याला बंद सिग्नल आहे असं समजून चालवा. ओळखायच्या खुणा म्हणजे रस्त्यावरची जाड पांढरी लाइन, झेब्रा, लेनचे बाण, आणि पुढच्या गाड्यांचे ब्रेक लाइट एकाच जागी पेटणं. हेडलाइट डिपरवर ठेवा, अप्परवर नको, कारण समोर थांबलेल्याचे डोळे दिपले तर त्याला मधून चालत जाणारा माणूस दिसणार नाही.

बसच्या आडून निघू नका

दोन लेन असतील आणि शेजारच्या लेनमधली बस थांबलेली असेल तर तिच्या पलीकडचं तुम्हाला काही दिसत नाही, आणि पलीकडून येणाऱ्यालाही तुम्ही दिसत नाही. बसवाला बहुतेक कोणासाठी तरी थांबलाय, झेब्रावरच्या बाईसाठी किंवा आडव्या बाइकसाठी. बस थांबलीये म्हणजे तुम्हीही थांबा, तिच्या पुढच्या कोपऱ्याला तुमचा कोपरा समान ठेवून, आणि बस निघाली की तिच्या बरोबरीने निघा. तिच्या आधी नाही. बाइकवाल्यांनी उलटा विचार करायचा, बसच्या आडोशाने पुढे सरकणं सुरक्षित वाटतं पण बस वळणारी असेल तर तुम्ही तिच्या आणि फुटपाथच्या मध्ये अडकता, म्हणून ती सरळ जाणार हे नक्की कळल्याशिवाय तिच्या डाव्या बाजूला राहायचं नाही.

आणि पुढचा रस्ता भरलेला असेल तर चौकात शिरूच नका, मग पाळी तुमची असली तरी. बंद सिग्नलच्या चौकात एक गाडी मधोमध अडकली की चारी बाजू बंद होतात आणि पोलीस येईपर्यंत सुटत नाहीत.

लाईट परत आली की

हा क्षण मला सगळ्यात नाजूक वाटतो आणि याबद्दल कोणी बोलत नाही. करंट आला की कंट्रोलर लगेच नॉर्मल होत नाही. सहसा तो आधी काही सेकंद ब्लिंक दाखवतो, मग सगळ्या बाजूंना लाल लावून चौक रिकामा होऊ देतो, आणि मग एका बाजूला हिरवा. कुठल्या बाजूने सुरुवात करायची ते त्याच्या प्रोग्राममध्ये ठरलेलं असतं, लाईट जाताना कोणाला हिरवा होता याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे "मी मघापासून थांबलोय, आता माझाच लागणार" असं काही नाही.

तुम्ही चौकाच्या मध्ये असाल आणि तेवढ्यात लाल पेटला तर जागेवर ब्रेक मारू नका, शांतपणे पार करून बाहेर पडा. तुम्ही लाइनवर असाल आणि हिरवा लागला तर दोन सेकंद थांबा, कारण मध्ये असे लोक असणार ज्यांनी अजून वर बघितलेलंच नाही, ते मघाच्या हातवाऱ्यांवरच चाललेत. लाईट दोनदा येऊन गेली तर हे सगळं दोनदा होतं.

कळवायचं कसं

गाडी कडेला घेऊन, चालवताना नाही. ट्रॅफिक कंट्रोलला फोन केला तर "सिग्नल बंद आहे" एवढंच सांगून फार उपयोग नाही. सांगायचं असं: चौक कुठला, खांबावर किंवा बॉक्सवर नंबर असेल तर तो, चारही बाजू बंद आहेत की एकच, बंद आहे की ब्लिंक होतोय, ब्लिंक कुठल्या रंगाचा, आणि आजूबाजूच्या दुकानांत लाईट आहे की नाही. यातली शेवटची माहिती सगळ्यात उपयोगाची, कारण आजूबाजूला लाईट असूनही सिग्नल बंद असेल तर बिघाड सिग्नलमध्ये आहे आणि वायरमन पाठवायला लागेल, आणि सगळीकडेच लाईट नसेल तर वीज येईपर्यंत चौकात माणूस उभा करायला लागेल. एकच बाजू बंद आणि बाकी चालू असेल तर ते फोनवर पहिल्या वाक्यात सांगा, त्या चौकात पोलीस सगळ्यात आधी पोहोचायला हवा. बॉक्स उघडा दिसला, दार लटकतंय, पाण्यात उभा आहे, तर जवळ जाऊ नका आणि हात तर अजिबात लावू नका, बाहेरची लाईट गेलेली असली तरी आतल्या बॅटरीचा करंट असतो आणि मेन लाईट कुठल्याही क्षणी परत येऊ शकते.